आठ सेकंद

मुलाखतीच्या खोलीत मी मागच्या रांगेत बसले होते आणि सवयीने मांडीवरच्या मोबाईलवर स्टॉपवॉच सुरू केलं होतं. दोन मिनिटं छप्पन्न सेकंद झाले आणि ती थांबली. अडखळली असं वाटलं नाही. ती नीट, सरळ उभी होती, हात ओढणीच्या टोकाशी, नजर पॅनेलच्या मागच्या भिंतीवर. पुढे कोणतं वाक्य यायचं होतं ते मला तोंडपाठ होतं, कारण ते आम्ही दोघींनी मिळून किमान वीस वेळा म्हटलं होतं. ते आलं नाही. पंख्याचा आवाज आला, कुणीतरी कागद सरकवला. तीन मिनिटं चार सेकंदांना तिने श्वास घेतला आणि थेट पुढच्या परिच्छेदात गेली.

आठ सेकंद. पॅनेलमधल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नसावं.

मी गेली काही वर्षं दरवर्षी शिष्यवृत्तीच्या मुलाखतींसाठी मुलामुलींची तयारी करून घेते. शिष्यवृत्ती देणारी संस्था पुण्यातली, मुलं बहुतेक मराठवाड्यातली आणि सोलापूरकडची. पद्धत ठरलेली आहे: उमेदवाराने पाच मिनिटं आपल्याबद्दल बोलायचं, आपलं ध्येय, आजवरच्या अडचणी, पुढचं नियोजन, मग दहा मिनिटं प्रश्न. चार मिनिटांना एक घंटा, पाचला दुसरी. दुसऱ्या घंटेनंतर वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. पालकांना आणि तयारी करून घेणाऱ्यांना मागच्या रांगेत बसता येतं, बोलता येत नाही.

ही मुलगी बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. बारावी सायन्स करून, नर्सिंगची सीईटी देऊन सरकारी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याकडे फुलस्केपची चार पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, निळ्या शाईत, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघा. वाच म्हटलं. तिने उभं राहून वाचलं. आठ मिनिटं दहा सेकंद. नंतर मी शब्द मोजले तर आठशे चाळीस भरले. आपल्या मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटून तो लांब होतो, त्यामुळे सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभराच्या आसपासच शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांत पाचशे. आणि प्रत्यक्ष मुलाखतीत पाणी प्यावं लागतं, दार वाजतं, कुणीतरी 'जरा मोठ्याने' म्हणतं, म्हणून मी चारशे सत्तरच्या वर जाऊ देत नाही. तिला जवळजवळ अर्धं काढायचं होतं.

सुरुवातीचे पंचवीस सेकंद सहज गेले. 'आदरणीय अध्यक्ष महोदय, पूज्य परीक्षकगण आणि माझ्या बंधू-भगिनींनो' हे शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतून आलेलं होतं. पॅनेलवर तीन माणसं असतात, समोर तीन फुटांवर, त्यांना नमस्कार पुरतो. त्याखाली एका हिंदी कवितेच्या दोन ओळी होत्या, होडी आणि लाटांच्या. त्या ओळी पॅनेल एका दिवसात तीन-चार वेळा ऐकतं. मग नाव, गाव, तालुका, टक्केवारी, भावंडं. हे सगळं अर्जात असतं आणि अर्ज त्यांच्या हातात असतो. हे काढताना तिला काही वाटलं नाही. पेन घेऊन तिने स्वतःच आडव्या रेघा मारल्या.

अडचणींचा भाग मात्र अडीच पानांचा होता आणि तिथे तिचं पेन उचललं जाईना. 'मी एका अत्यंत गरीब ऊसतोड कामगार कुटुंबात जन्मले. माझ्या आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून...' यातलं काही खोटं नव्हतं. पण हे शब्द तिचे नव्हते. गेल्या वर्षी ज्याला शिष्यवृत्ती मिळाली त्या गावातल्या मुलाचा कागद व्हॉट्सॲपवरून सगळीकडे फिरत होता, हा चिमटा त्यातून आला होता. त्या आठवड्यात मी आणखी दोन कागदांवर तोच चिमटा पाहिला. मी तिला विचारलं, फडावर असताना तू काय करायचीस? ती म्हणाली, 'काही नाही मॅडम, भाऊ सांभाळायचे. आन् हिशेब लिहायचे.'

कसला हिशेब?

मग ते बाहेर आलं. सातवीपर्यंत दसऱ्यानंतर ती आईवडिलांबरोबर जायची, कोल्हापूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात. सहावीत असल्यापासून टोळीचा हिशेब तिच्याकडे होता, कारण टोळीतल्या बारा कोयत्यांत नीट लिहिता येणारी तीच. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दोघं मिळून एक कोयता. कारखान्यावर गाडी खाली झाली की वजनाची पावती यायची. ती पावत्या वहीत उतरवून घ्यायची: तारीख, गाडीचा नंबर, टन. हंगाम संपला आणि मुकादमाने हिशेब केला तेव्हा त्याच्या वहीत त्यांच्या कोयत्याला नऊ टन कमी लागले होते. अकरा वर्षांच्या मुलीने स्वतःची वही काढून पावत्या एकेक करून दाखवल्या. ते नऊ टन मिळाले. 'एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो,' ती म्हणाली, 'म्हणजे नऊ टन म्हणजे आई-अण्णांचे साडेचार दिवस होते.'

मी पेन खाली ठेवलं. अडीच पानांत हे कुठेच नव्हतं. तिला ती अडचण वाटतच नव्हती, ते नेहमीचं काम होतं. पॅनेल मात्र ज्याची वाट बघत असतं ते हेच. गरिबी त्यांना उत्पन्नाच्या दाखल्यावरून कळते, आणि समोर आलेल्या चाळीस जणांत गरीब नाही असं कुणीच नसतं. या मुलीने त्या गरिबीत काय केलं, तिचं डोकं कसं चालतं, हे दाखल्यावर येत नाही. आम्ही सुरुवातच तिथून केली. नमस्कार, आणि मग पहिलं वाक्य: 'सहावीत असताना माझ्या वहीत आणि मुकादमाच्या वहीत नऊ टनांचा फरक आला होता.'

त्या हिशेबातूनच एक धोका पुढे आला, तो मी आधी पाहिलेला होता म्हणून लक्षात आला. तिच्या कागदात वाक्य होतं, 'या वर्षी माझ्या आईवडिलांना १,२०,००० रुपये उचल मिळाली आहे.' अर्जाला जोडलेल्या तहसीलच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न त्याहून बरंच कमी होतं. पुण्यात वाढलेला माणूस हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचतो आणि मनात नोंद करतो की इथे काहीतरी लपवलं आहे. तो तसं बोलून दाखवत नाही, फक्त पुढचे प्रश्न कोरडे होतात. पूर्वी एका मुलाचं असंच झालं होतं आणि आपलं काय चुकलं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. उचल हे उत्पन्न नाही. हंगामाआधी अंगावर घेतलेले पैसे ते, आणि ऊस तोडून फेडायचे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर वाढला, तो टनाला साधारण ३६६ रुपये झाला. त्या दराने १,२०,००० फिटायला ३२८ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर १६४ दिवस. एकही खाडा न करता. हे गणित तिने माझ्यासमोर, कॅल्क्युलेटर न घेता केलं, आणि उत्तर आल्यावर जरा वेळ ते बघत राहिली. बहुधा हंगामाकडे तिने असं एका आकड्यात कधी पाहिलं नव्हतं.

हे गणित आम्ही दोन वाक्यांत बसवलं. मी तिला एवढंच सांगितलं की हे म्हणताना आवाज पाडू नकोस. हिशेब वाचतेस तसं वाच.

ध्येयाचं पान सर्वांत स्वच्छ अक्षरात होतं आणि त्यात सर्वांत कमी होतं. 'मला नर्स होऊन समाजाची व गोरगरिबांची सेवा करायची आहे.' कुठे? कोणत्या दवाखान्यात? त्या जागेवर बसलेली बाई दिवसभर काय करते? तिला सांगता येईना. मी तिला आठ दिवस परत पाठवलं. तुमच्या गावाच्या उपकेंद्रावर जा, तिथल्या सिस्टरांबरोबर एक सकाळ बस आणि तिथे काय होतं ते मला येऊन सांग. ती तीन सकाळी बसली. आली ती वेगळीच होऊन. आधी ती 'आरोग्यसेवा' म्हणायची, आता ती बायकांबद्दल बोलत होती. अंगावरून पांढरं जातं म्हणून बायका कुठे जातात, तर आधी कुठेच जात नाहीत, कारण फडावर खाडा केला की त्याचा दंड लागतो. सोसवेनासं झालं की तालुक्याला खाजगीत जातात. तिथे सांगतात, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाकू. लेकरं झालेली असतात, दर महिन्याचा खाडाही वाचेल असं वाटतं, आणि तिशीच्या आतबाहेर पिशवी काढून टाकतात. २०१९ साली याची बातमी देशभर झाली होती, सरकारने समितीही नेमली होती. तिला बातमी सांगायची गरज नव्हती. तिच्या गल्लीत ते घरोघरी होतं.

उपकेंद्रावरच्या सिस्टर, म्हणजे तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी, तिला म्हणाल्या होत्या की पहिली तपासणी इथेच होऊ शकते. कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि बघायचं. पांढरा डाग उठला तर जिल्हा रुग्णालयात पाठवायचं. नाही उठला तर त्या बाईला सांगायचं, तुला कॅन्सरची भीती घालून कुणी ऑपरेशन करा म्हणालं तर आधी माझ्याकडे ये. 'एक मिनिट लागतो मॅडम,' ती म्हणाली. 'फक्त एक मिनिट. आन् बायकांना कुणी सांगितलंच नाही.' तिचं ध्येय तिथे ठरलं. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं, मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, आपल्याच तालुक्यात, आणि दसऱ्याला टोळ्या निघायच्या आधीच्या दोन महिन्यांत तीस वर्षांवरच्या बायकांची ही तपासणी. गावं तिने मोजून लिहिली होती. उपकेंद्राखाली चार गावं आणि दोन तांडे.

या इतक्या बारीक ध्येयाने पॅनेलला विचारायला जागा मिळते, म्हणून मला ते आवडतं. 'समाजसेवा' म्हटलं की पुढचा प्रश्न 'छान, आणखी काय आवडतं?' असा येतो आणि मूल भुईसपाट होतं. उपकेंद्र म्हटलं की कुणीतरी विचारणारच की ते पद कंत्राटी आहे, भरती निघाली नाही तर काय करशील? त्याचं उत्तर आम्ही आधी शोधून ठेवलं. सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेच्या परीक्षेची तयारी चौथ्या वर्षापासून सुरू करायची, आणि नोकरी जिल्ह्याला मिळाली तरी हंगामाआधीची शिबिरं रजा टाकून करायची. नर्सिंगचीच तीन वर्षांची पदविका, जीएनएम, का नाही, हाही प्रश्न येणार होता. त्याला ती म्हणायची, सीईटीत नंबर लागलाय, सरकारी जागा आहे, आणि बी.एस्सी. झालं तर पुढे एम.एस्सी. करून शिकवता येईल. मला उत्तर पटलेलं होतं, पण मी मुद्दाम तोंड वाकडं करून पुन्हा विचारायचे.

पैशांचा भाग सर्वांत लहान आणि तिच्यासाठी सर्वांत अवघड. कागदावर होतं, 'तरी मला शक्य तेवढी मदत करावी ही नम्र विनंती.' मुलं असं लिहितात कारण आकडा सांगणं त्यांना उद्धटपणा वाटतो. देणाऱ्याला मात्र त्यातून काहीच कळत नाही. मुलींची फी माफ आहे मग पैसे कशाला, असा प्रश्न हल्ली हमखास येतो. फी माफ होते ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. मेस माफ होत नाही. तिने यादी केली: मेसचे महिन्याला ३,२०० असे दहा महिन्यांचे ३२,०००, गणवेशाचे दोन जोड, बूट आणि एप्रन ४,५००, पुस्तकं आणि जर्नल ६,०००, वॉर्डच्या आणि खेड्यातल्या ड्युटीला जाण्याचं बसभाडं ५,५००. एकूण ४८,०००. घरून १२,००० येतील. 'उरलेले ३६,००० रुपये मी आपल्याकडे मागते आहे.' हे वाक्य म्हणताना पहिल्या वेळी तिचा आवाज इतका बारीक झाला की मला 'मागते' ऐकूच आलं नाही. आम्ही ते एकच वाक्य एका संध्याकाळी पंधरा वेळा म्हटलं.

पाठ करू नकोस, हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे पाठ करतात. शब्दन् शब्द पाठ केला की एक शब्द निसटला तरी पुढचं सगळं जातं, मग मूल पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात करतं आणि घड्याळ पळत राहतं. पाठांतर चालू आहे हे डोळ्यांवरून कळतं. नजर छताच्या कोपऱ्यात जाते, जणू तिथे कागद चिकटवलाय. मी पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करायला लावते. मधल्यासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द. तिचे होते: वही, १६४, एक मिनिट, दसरा, ४८. समासात वेळ: दीड मिनिटाला 'एक मिनिट' यायला हवं, साडेतीनला 'दसरा'. आणखी एक गोष्ट मी तिला करू दिली नाही. 'पानी' म्हटलं की ती स्वतःलाच अडवून 'पाणी' म्हणायची, दरवेळी. त्या दुरुस्तीत वाक्याचा श्वास तुटायचा. मी म्हटलं, पानीच म्हण. तुझी बायकांशी बोलायची भाषा तीच आहे, तिथे तीच लागणार आहे.

आता ते वाक्य.

उपकेंद्रावरून आली त्या दिवशी, बोलता बोलता, कागद आवरताना ती म्हणाली, 'माझ्या आईची पण काढलीय ना.' आई तेव्हा एकतीसची, ही नववीत. ऑपरेशनचे पैसे उचलीतून गेले होते. महिन्याभरात आई पुन्हा मोळ्या उचलायला लागली होती. तेव्हापासून तिची कंबर दुखते, घाम सुटतो, रात्री झोप नाही. हे तिने चार पानांत लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, हे यायला हवं. मी समजावलंही बरंच. म्हटलं, ऊसतोडीचा हिशेब आणि उपकेंद्रावरची तपासणी या दोन गोष्टी आत्ता वेगवेगळ्या उभ्या आहेत, त्यांच्यामध्ये पूल हवा, तू नर्सिंगच का करतेस याचं उत्तर तिथे आहे. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वाक्य लिहून आणलं. 'माझ्या आईची पिशवी तिच्या एकतिसाव्या वर्षी काढली. तेव्हा मी नववीत होते आणि मला काही विचारता आलं नाही.' वाक्य चांगलं होतं. मी त्यात एक कानामात्राही बदलली नाही. त्या रात्री झोपताना मला बरं वाटत होतं, स्क्रिप्ट पूर्ण झाल्यासारखं.

मला माझी नादारी, शाळेत गरिबीमुळे मिळालेली फीमाफी, आठवायला हवी होती, आणि ती आठवली नाही. आमच्या शाळेत वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षक विचारायचे, नादारीचे अर्ज कुणाकुणाचे आहेत, उभे राहा. सातवीत असताना मी उभी राहिले तर ते म्हणाले, तुझे वडील नोकरीला आहेत ना? मी म्हणाले, आता नाहीत. का नाहीत? सगळा वर्ग बघत होता. वडील दारू पीत होते आणि त्यांना कामावरून काढलं होतं, हे मी पन्नास मुलींसमोर सांगितलं. नादारी मिळाली. वडिलांना कुणीतरी हे सांगितलं असावं, कारण त्यानंतर पालकांना शाळेत बोलावलं की ते कधीच आले नाहीत, आई यायची. मी खरं तेच बोलले होते. पण ते माझं एकटीचं नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्यांना मी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी कितीतरी मुलांना विचारलं असेल, 'वडिलांचं काय झालं ते नीट सांग,' आणि मुलांनी सांगितलं असेल. मला वाटायचं, मी त्यांना धीट करते आहे.

मुलाखतीच्या दिवशी तिची आई येणार हे मला माहीत नव्हतं. सकाळी दारात दोघी उभ्या होत्या. रात्रभराच्या एसटीने आलेल्या, आईच्या हातात कापडी पिशवीत भाकरीचं गाठोडं. हिरवं इरकली लुगडं, पदर डोक्यावर, माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान बाई आणि चेहऱ्याने माझ्या बरोबरीची दिसणारी. नमस्कार केला तेव्हा तिचे तळवे दिसले. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी कोयत्याच्या मुठीचा घट्टा, पिवळट, कडेने भेगा पडलेला. आम्ही दोघी मागच्या रांगेत शेजारी बसलो. तिने चपला बाहेरच काढल्या होत्या, पाय फरशीवर टेकवताना ती ते थोडे मागे, खुर्चीखाली घेत होती.

मुलगी छान बोलली. नऊ टन म्हटल्यावर पॅनेलमधले एक वयस्क गृहस्थ पुढे झुकले. १६४ दिवस म्हटल्यावर त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. आई नुसती मुलीकडे बघत होती. आणि मग दोन छप्पन्न, पंखा, आठ सेकंद, तीन चार. 'आमच्या उपकेंद्राखाली चार गावं आणि दोन तांडे आहेत,' ती पुढे म्हणाली. पुलाची जागा मोकळी राहिली होती. चार मिनिटांना घंटा झाली, ती दचकली नाही. ३६,००० मागताना आवाज खणखणीत. चार मिनिटं एकतीस सेकंदांना तिने नमस्कार केला.

प्रश्न आले. कंत्राटी पदाचा आला, जीएनएमचाही आला. मग पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं, 'पण नर्सिंगच का? हिशेबात एवढी हुशार आहेस, कॉमर्स का नाही?' पूल नसल्यामुळेच हा प्रश्न आला, मला तो येणार हे दिसत होतं. मी श्वास धरून बसले. ती म्हणाली, 'हिशेब मी मुकादमाला दाखवू शकले, कारण माझ्याकडं पावत्या होत्या. बायकांकडं स्वतःच्या शरीराची काहीच पावती नसते. दवाखान्यात जे सांगतात ते खरं धरावं लागतं.' त्या बाई काही वेळ काही बोलल्या नाहीत. हे उत्तर आम्ही कधी लिहिलं नव्हतं. मी तरी ते त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं.

बाहेर आल्यावर ती पाणी प्यायली. मी म्हटलं, छान झालं. मग न राहवून विचारलं, ते वाक्य राहिलं ना? ती बाटलीचं झाकण फिरवत म्हणाली, 'पाच मिनिटांत बसत नव्हतं मॅडम.' माझ्या मोबाईलवर अजून चार एकतीस दिसत होतं. मी तो पर्समध्ये टाकला. तिला कागदपत्रांच्या सह्यांसाठी आत बोलावलं आणि ती गेली.

आई आणि मी बाकावर. तिने गाठोडं सोडलं, मला अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, नको म्हणायची सोय नव्हती. भाकरी बाजरीची, रात्रीची, तरी मऊ. जरा वेळाने समोर बघतच ती म्हणाली, 'मॅडम, ते माझं नाही आलं.'

मला आधी कळलं नाही.

'पिशवीचं. घरी म्हनायची की रोज, आरशाम्होरं. मी आतून ऐकायचे. आज म्हनलं, आता म्हनंल, मग म्हनंल...' ती थांबली. सुटल्यासारखं वाटत होतं की राहून गेल्यासारखं, हे मला तिच्या आवाजावरून कळेना. अजूनही कळलेलं नाही. मी काहीतरी बोलले, वेळ कमी असतो वगैरे. तिने मान हलवली.

मग ती म्हणाली, 'कुठं लिवलंय ते?' पर्समध्ये स्क्रिप्टची माझी प्रत होती. मी पान उलगडलं, तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी बोट ठेवलं. 'हितं?' तिने विचारलं. हो म्हटलं. तिने हाताला लागलेली चटणी पदराला पुसली आणि माझं बोट होतं तिथे स्वतःचं ठेवलं, ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सावकाश नेलं, आणि ओळ संपली तिथे पुढच्या ओळीवर नेऊन पुन्हा थांबवलं. 'दोनच वळी हायेत,' ती म्हणाली. मग आतून मुलीचा आवाज आला, तेव्हा तिने कागदाची घडी घातली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि तो भाकरीच्या फडक्याखाली पिशवीत ठेवून दिला.